जरीची ओढणी आणि पाच मिनिटांचं पाणी

लग्नाहून परतल्यावर मामेबहिणीने डाळिंबी रंगाची शिफॉनची ओढणी माझ्यापुढे ठेवली. मानेजवळ घामाचा पट्टा, एका टोकाला मसालेभाताचा तेलकट डाग आणि चारी बाजूंनी जरीचा काठ. "ताई, घरी धुतली तर चालेल ना गं?" तिने विचारलं. मी आधी काठाच्या आतल्या बाजूला सुटलेला एक धागा शोधला आणि तो नखाने खरवडला.

जर म्हणजे धातूची चपटी केलेली बारीक तार, धाग्याभोवती गुंडाळलेली. अस्सल जरीत ही तार चांदीची असते, वर सोन्याचा मुलामा. तिचा आतला धागा रेशमाचा, बहुधा लाल रंगाचा. 'टेस्टेड' जरीत तार तांब्याची असते, तिच्यावर चांदीचा थर आणि त्यावर सोनेरी मुलामा. बाजारातल्या बऱ्याच ओढण्यांवर मात्र चकाकत्या प्लॅस्टिक फितीची जर असते. नखाखाली आमच्या ओढणीचा सोनेरी थर गेला आणि खाली तांबूस दिसलं. म्हणजे टेस्टेड जर. पाण्यात घातली म्हणून ती लगेच बिघडत नाही. ती बिघडते ती घासल्याने, पिळल्याने आणि ओलसर राहिल्याने. मुलामा इतका पातळ असतो की ब्रशच्या चार फटकाऱ्यांत तांबं उघडं पडतं. पिळताना गुंडाळलेली तार सैल होते आणि आतला धागा डोकावू लागतो. एकदा सुटलेली तार पुन्हा बसवता येत नाही.

दुसरी अडचण शिफॉनची. काठातून ओढलेला धागा जाळला तेव्हा केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली. म्हणजे रेशीम. पॉलिस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता. रेशमी शिफॉनचं सूत भरपूर पीळ देऊन तयार करतात. ते भिजलं की आखडतं, पण जरीचा काठ तेवढा आखडत नाही. म्हणून धुतल्यावर काठाला चुण्या पडतात. तेव्हा काठ जोराने ओढायचा मोह होतो आणि ओल्या शिफॉनची वीण तिथेच सरकते.

तेलाच्या डागावर मी आदल्या रात्री साधी टाल्कम पावडर पसरून ठेवली आणि सकाळी झटकली. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला पांढरा रुमाल ओढणीच्या उलट बाजूवर, भरतकामाच्या प्रत्येक रंगावर, मिनिटभर दाबून धरला. रुमालावर रंग उतरला असता तर मी पुढे गेलेच नसते.

टबात सहा लिटर गार पाणी घेतलं. आठ रिठे बिया काढून रात्रभर भिजवले होते, ते उकळून, गाळून, निवलेलं पाणी त्यात मिसळलं. पांढऱ्या किंवा मोतिया ओढणीला रिठा नको, त्याचा पिवळसर रंग चढतो. तिथे रेशमासाठीचा सौम्य द्रव साबण, एक लहान चमचा. कपडे धुण्याची पावडर किंवा सोडा रेशमाला आणि जरीला दोन्हीला वाईट.

ओढणी सैल घडी करून पाण्यात सोडली आणि तळव्याने हलकेच दाबत राहिले, जेमतेम पाच मिनिटं. मानेजवळ थोडं अधिक दाबलं, घासलं नाही. उचलताना खाली प्लॅस्टिकची जाळीची टोपली धरली, कारण ओली ओढणी टोकाला धरून उचलली तर पाण्याचं सगळं वजन काठावर येतं. तीनदा स्वच्छ पाणी. मग जाड टॉवेलवर पसरून, टॉवेलसकट गुंडाळून दाबलं. काठ चौकोनात बसवून, पंख्याखाली, सावलीत, आडवी वाळवली. घामाचा पट्टा गेला, तेलाची फिकट खूण मात्र राहिली. ती घालवायला मी ओढणी पुन्हा भिजवली नाही.

इस्त्री उलट बाजूने, खाली टॉवेल, वर मलमलचा तुकडा आणि कमी ताप. प्लॅस्टिकच्या जरीला जास्त ताप लागला तर ती आक्रसते.

काळी पडलेली जर उजळवायला काही जणी चिंच, लिंबू किंवा टूथपेस्ट चोळतात. क्षणभर चमक येते, पण मुलाम्याचा थर जातो आणि पुढच्या वेळी जर आणखी लवकर काळवंडते. दबका, टिकल्या, डिंकाने चिकटवलेले खडे किंवा खाली पुठ्ठा असलेलं जड जरदोजी काम घरी भिजवूच नका. दबक्याच्या पोकळ वेटोळ्यांत पाणी अडकतं आणि डिंक सुटतो. असा कपडा ड्रायक्लीनरकडेच द्यावा आणि देताना जर कुठली आहे ते सांगावं.

वाळलेली ओढणी लगेच कपाटात ठेवू नका. जरीच्या आतला धागा वरून कोरडा वाटला तरी ओल धरून असतो, म्हणून काठ एक दिवस उघड्या हवेत राहू द्या. मग मलमलच्या कापडात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर पुन्हा घाला.