काचेतला रस्ता, काचेमागची पैठणी

‘दुकानाची काच, आत पैठणी, काचेवर रस्त्याचं प्रतिबिंब’ एवढाच प्रॉम्प्ट दिला, की चित्र बनवणारं एआय बहुतेकदा गोंधळ घालतं: रिक्षा थेट पैठणीच्या पदरावर उभी! ‘प्रतिबिंब कमी कर’ म्हणून भागत नाही, उजेड कुठे आहे ते सांगावं लागतं. समोरून पाहिलं तर साधी काच जेमतेम ८ टक्के प्रकाश परतवते. म्हणून प्रतिबिंब उठून दिसतं ते काचेमागच्या काळोख्या भागावर, उजळ वस्तूवर ते विरून जातं. भर दुपारी रस्ताच जिंकतो, म्हणून वेळ दिवेलागणीची घ्यावी. मग प्रॉम्प्ट असा होतो:

‘संध्याकाळ, रस्ता मंद. काचेमागे मधोमध जांभळी पैठणी, तिच्यावर वरून पिवळसर दिव्याचा झोत, जरीचे मोर सुस्पष्ट. मागचा पडदा गडद. रिक्षा आणि झाडाचं फिकट प्रतिबिंब फक्त डाव्या, काळोख्या कडेला. कॅमेरा किंचित तिरका.’

तिरका अशासाठी, की अगदी समोरून फोटो काढणाराच काचेत दिसायचा. फार तिरकाही नको, कारण कोन वाढला की काच आरशासारखी वागू लागते. चित्र आल्यावर प्रतिबिंबातली पाटी बघा. अक्षरं सरळ वाचता आली, तर ते प्रतिबिंब खोटं.