सेटिंगचा वेळ जातो कुठे?

सीएनसी लेथवर जॉब बदलायला अर्धा तास धरावा आणि पाऊण तास उलटला तरी मशीन उभंच, हे ऑपरेटरला नवं नाही. म्हणून शिफ्ट संपताना वहीत काम, धरलेला वेळ, लागलेला वेळ आणि कारण लिहावं. धरलेला वेळ मात्र कामाआधीच टिपायचा. नंतर आठवलेला अंदाज हमखास सोयीचा निघतो. ‘सेटिंगला उशीर’ हे काही कारण नव्हे. जॉ, टूल बसवून ऑफसेट घ्यायला २५ मिनिटं, पहिला पीस क्वालिटीकडून पास होऊन यायला आणखी २५, असं फोडून लिहिलं की निम्मा वेळ वाट पाहण्यात गेलेला दिसतो. आठवडाभर हेच दिसलं, तर पहिला पीस शिफ्ट बदलाच्या गर्दीआधी पाठवून बघावा. एका दिवसाच्या नोंदीवरून मात्र सुपरवायझरशी वाद घालू नये.