एका दिवसाने चुकलेली जन्मतारीख

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मुलाखतीला बसलं की एक प्रश्न बहुतेक वेळा येतोच : "तुम्ही सोडवलेला एखादा अवघड बग सांगा." बग म्हणजे प्रोग्राममधला दोष. प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तरं दोन प्रकारे फसतात. कुणी प्रकल्पाची ओळख करून देण्यातच सगळा वेळ घालवतो, तर कुणी "एका ओळीत चूक होती, ती बदलली" एवढं सांगून थांबतो. विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं ते तसंच राहतं : कारण ठाऊक नसताना हा माणूस कारणापर्यंत कसा पोचला?

उत्तराला बांधेसूदपणा यावा म्हणून चार टप्प्यांची एक रीत प्रचलित आहे : परिस्थिती, आपल्यावरची जबाबदारी, आपण केलेली कृती आणि परिणाम. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'स्टार' म्हणतात. रीत चांगली आहे, पण बगच्या बाबतीत हे चार टप्पे सारख्या वजनाचे नसतात. उत्तर तीन मिनिटांचं असेल तर पहिल्या दोन टप्प्यांना मिळून अर्धा मिनिट पुरतो. दीड-पावणेदोन मिनिटं कृतीला द्यावीत, कारण शोधाची सगळी गोष्ट तिथेच असते.

एक नमुना घेऊन हे पाहू. समजा, एका उमेदवाराने ज्येष्ठ नागरिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेवर काम केलं आहे. तो सुरुवात अशी करतो : "अर्जदाराची जन्मतारीख भरली जायची आणि नंतर तिचं प्रमाणपत्र छापलं जायचं. काही प्रमाणपत्रांवर तारीख एक दिवस आधीची यायची, त्यामुळे ती बाकीच्या कागदपत्रांशी जुळत नव्हती. कारण शोधून दुरुस्ती करण्याचं काम माझ्याकडे होतं." एवढ्यात परिस्थिती आणि जबाबदारी दोन्ही आली. त्रास कुणाला आणि काय होत होता, हे ऐकणाऱ्याला कळलं. कोणतं डेटाबेस होतं, टीममध्ये किती जण होते, हे त्याला हवं असेल तर तो विचारेल.

आता कृती. इथे आपल्याला आलेल्या शंका आणि त्या कशा निकाली काढल्या, हे क्रमाने सांगायचं. पहिला संशय माहिती भरणाऱ्यांवर गेला. पण उमेदवाराने चुकलेल्यांपैकी एक तारीख, ७ मार्च १९४४, स्वतः भरून पाहिली आणि छापून ६ मार्च आली. म्हणजे दोष हाताचा नव्हता आणि तो हवा तेव्हा पुन्हा घडवता येत होता. दुसरा संशय दिवस आणि महिना यांच्या अदलाबदलीचा होता. तसं असतं तर ७ मार्चचा ३ जुलै झाला असता, म्हणून तोही बाद. तिसरा संशय भारतीय वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांतल्या साडेपाच तासांच्या फरकावर होता. पण तो फरक धरायचा राहून गेला असता तर सगळ्यांच्याच तारखा चुकल्या असत्या. इथे १९५० साली जन्मलेल्यांच्या तारखा बरोबर होत्या.

मग त्याने बरोबर आणि चूक, दोन्ही प्रकारच्या नोंदी जन्मतारखेच्या क्रमाने लावल्या आणि चित्र स्पष्ट झालं. चुकलेल्या नोंदी दोनच पट्ट्यांत होत्या. एक ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२च्या मध्यापर्यंत आणि दुसरी सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५च्या मध्यापर्यंत. त्यांच्या मधल्या उन्हाळा-पावसाळ्यात जन्मलेल्यांची तारीख ठीक होती.

या तारखा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या आहेत. त्या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती, म्हणून जागतिक प्रमाणवेळेशी आपला फरक साडेपाचऐवजी साडेसहा तासांचा होता. जगभरच्या संगणकांत टाइमझोनचा जो इतिहास साठवलेला असतो, त्यात भारताच्या नोंदीखाली हे दोन पट्टे आहेत. पायथॉन भाषेत ते असं तपासता येतं :

```python
from datetime import datetime
from zoneinfo import ZoneInfo
d = datetime(1944, 3, 7, tzinfo=ZoneInfo("Asia/Kolkata"))
print(d.utcoffset())   # 6:30:00
```

कारण आता दोन-तीन वाक्यांत सांगता येतं. यंत्रणा जन्मतारीख 'त्या दिवशीची मध्यरात्र' समजून जागतिक वेळेत साठवत होती आणि साठवताना इतिहास बघून साडेसहा तास वजा करत होती. त्यामुळे ७ मार्चची मध्यरात्र ६ मार्चचे सायंकाळचे साडेपाच झाली. छपाई करणारा भाग वेगळा लिहिलेला होता. तो सरसकट साडेपाच तास मिळवत होता, म्हणून वेळ आली ६ मार्चच्या रात्री अकराची. वेळ छापली जात नव्हती, फक्त तारीख छापली जात होती आणि ती आदल्या दिवशीची होती.

दुरुस्ती सांगतानाही विचार दिसायला हवा. छपाईच्या भागाला युद्धकाळ शिकवला असता तर लक्षण गेलं असतं. पण जन्मतारीख हा घड्याळातला क्षण नसून कॅलेंडरमधला दिवस आहे, आणि तो क्षण म्हणून साठवणं हीच मूळ चूक होती. म्हणून उमेदवाराने साठवण्याची पद्धत बदलली : वेळ आणि टाइमझोन काढून फक्त वर्ष, महिना, दिवस ठेवले.

परिणामाच्या टप्प्यावर "बग सुटला" एवढ्यावर थांबू नये. जुन्या नोंदींचं काय झालं, हे सांगावं. योग्य टाइमझोनने उलट रूपांतर केलं की भरलेली तारीख परत मिळत होती, पण त्यात एक अडचण होती. प्रमाणपत्र बरोबर छापलं जावं म्हणून काही कर्मचाऱ्यांनी मुद्दाम एक दिवस पुढची तारीख भरली होती. अशा नोंदी आता एका दिवसाने पुढे दिसू लागल्या असत्या. त्या प्रोग्रामला ओळखता येत नाहीत, म्हणून त्या दोन पट्ट्यांतल्या, नंतर हाताने बदललेल्या नोंदी वेगळ्या काढून मूळ कागदपत्रांशी ताडून घ्याव्या लागल्या. पुढे असं होऊ नये म्हणून दोन्ही पट्ट्यांतल्या आणि त्यांच्या बाहेरच्या तारखा आपोआप होणाऱ्या चाचण्यांत घातल्या.

एवढं सांगून झालं की उपप्रश्न येतात आणि उत्तराचा खरेपणा तिथे ठरतो. "टाइमझोनचा संशय आधी सोडून दिला, तो पुन्हा का घेतला?" काम ज्याने स्वतः केलंय तो लगेच सांगेल : सोडून दिला होता तो सगळ्या तारखांना एकच फरक लागू असल्याचा अंदाज, आणि पट्टे दिसल्यावर कळलं की फरक काळानुसार बदलत होता. "यात तुमचा वाटा कोणता?" हाही प्रश्न ठरलेला. म्हणून शोध कुणी घेतला, जुन्या नोंदी कुणी ताडल्या, हे 'मी' आणि 'आम्ही' वेगळे ठेवून आधीच सांगितलेलं बरं.

तयारी करताना गोष्ट पाठ करण्यापेक्षा चार गोष्टी कागदावर लिहाव्यात : दोष पुन्हा कसा घडवला, कोणते संशय कोणत्या पुराव्याने बाद झाले, कोणत्या निरीक्षणाने दिशा मिळाली आणि दुरुस्तीनंतर काय हाताने करावं लागलं. यातल्या दुसऱ्या मुद्द्यापुढे लिहायला काहीच नसेल, तर तो बग या प्रश्नासाठी निवडू नये. त्यात शोध नव्हता, नुसती दुरुस्ती होती.