निवृत्त भागीदाराच्या गुडविलचा भार कोणी उचलायचा?

भागीदार पेढीतून बाहेर पडतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष एकाच प्रश्नावर असतं: त्याला किती द्यायचे? ते कोणी आणि किती प्रमाणात सोसायचे, हा दुसरा प्रश्न मात्र बहुतेक वेळा मागे पडतो. मागाहून भांडण होतं ते त्यावरूनच.

समजा, तिघा भावांचं हार्डवेअरचं दुकान आहे. नफ्याची वाटणी थोरल्याला दहातले पाच, मधल्याला तीन आणि धाकट्याला दोन हिस्से अशी चालत आली आहे. थोरले 30 सप्टेंबरला निवृत्त होतात आणि पुढे दोघांनी निम्मा-निम्मा नफा घ्यायचं ठरतं.

थोरल्यांच्या भांडवल खात्यावर 10 लाख आहेत, पण हिशेब तेवढ्यावर संपत नाही. पेढीत 2 लाखांची गंगाजळी आहे, तिच्यातले निम्मे, म्हणजे 1 लाख, त्यांचे. दुकानाचा गाळा वहीत जुन्याच किमतीला पडून आहे. आजच्या बाजारभावाने त्याची किंमत 9 लाखांनी वाढते. न खपणारा माल आणि बुडीत उधारी यांचे 1 लाख वजा केले तर 8 लाखांची निव्वळ वाढ उरते. त्यातले 4 लाख थोरल्यांचे. वर्ष अर्धंच झालं असल्याने सहा महिन्यांचा नफा 3 लाख धरला, तर त्यातले दीड लाख त्यांना मिळतात. त्यांनी केलेली 1 लाखाची उचल यातून वजा होते. एकूण झाले साडेपंधरा लाख.

आता गुडविल, म्हणजे दुकानाची बाजारातली पत आणि बांधलेली गिऱ्हाइकं. मागच्या तीन वर्षांचा नफा 5, 6 आणि 7 लाख, म्हणजे सरासरी 6 लाख. भागीदारी करारात ‘सरासरी नफ्याच्या दुप्पट’ असं लिहिलेलं असेल तर गुडविल 12 लाख आणि थोरल्यांचा वाटा 6 लाख होतो. त्यामुळे त्यांचं एकूण येणं साडेएकवीस लाखांवर जातं.

हे 6 लाख दोघांनी कसे वाटून घ्यायचे? जुन्या तीनास दोन या प्रमाणात, असं पटकन सुचतं. ते इथे चुकीचं आहे. थोरल्यांनी सोडलेले पाच हिस्से कोणाकडे किती गेले, ते पाहायला हवं. मधला तीनवरून पाचवर गेला, त्याला दोन हिस्से मिळाले. धाकटा दोनवरून पाचवर गेला, त्याला तीन मिळाले. नव्या हिश्श्यातून जुना वजा केला की येतं ते लाभ प्रमाण. इथे ते दोनास तीन आहे. म्हणून गुडविलचे 2 लाख 40 हजार मधल्याच्या आणि 3 लाख 60 हजार धाकट्याच्या भांडवल खात्याला नावे पडतात आणि थोरल्यांच्या खात्यावर 6 लाख जमा होतात. जुनं प्रमाण लावलं असतं तर मधल्याने कमी हिस्सा घेऊन 1 लाख 20 हजार जास्त भरले असते. उरलेल्यांमधली वाटणी पूर्वीच्याच प्रमाणात राहिली तरच लाभ प्रमाणही जुन्यासारखं येतं.

एवढी रक्कम गल्ल्यात एकदम नसते. साडेसहा लाख रोख आणि उरलेले 15 लाख कर्ज म्हणून, असा मार्ग सहसा निघतो. हप्ते आणि व्याजाचा दर कागदावर लिहून घ्यावा. हिशेब न मिटवता धंदा तसाच चालू ठेवला आणि वेगळा करार नसेल, तर भागीदारी कायदा 1932 च्या कलम 37 प्रमाणे निवृत्त भागीदाराला निवड करता येते: आपल्या मालमत्तेच्या वापरामुळे झालेल्या नफ्यातला वाटा, किंवा आपल्या रकमेवर वार्षिक 6 टक्के व्याज.

पैसे मिळाले म्हणून थोरले मोकळे झाले, असंही नाही. निवृत्तीआधीच्या देण्यांची जबाबदारी त्यांच्यावर राहतेच; ती सुटायला धनको, थोरले आणि उरलेले भागीदार यांच्यात करार व्हावा लागतो. बँकेच्या कर्जावर त्यांची सही असेल तर बँकेकडून मुक्ततेचं पत्र घ्यावं. पुढच्या व्यवहारांसाठी, पेढी नोंदणीकृत असेल तर, निबंधकांना कळवणं, शासकीय राजपत्रात आणि पेढीच्या भागातल्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात नोटीस देणं आवश्यक आहे. तोवर, त्यांना भागीदार समजून व्यवहार करणारा व्यापारी त्यांच्याकडेही पैसे मागू शकतो.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. उरलेल्यांचं नवं प्रमाण आधी ठरवून सह्यांनिशी लिहावं, मगच गुडविलचा भार वाटावा. ते प्रमाण नंतर ठरलं, तर आधीच टाकलेल्या नोंदी त्याच्याशी जुळत नाहीत, आणि कमी घेणाऱ्याने जास्त भरल्याचं पुढच्या ताळेबंदापर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.