अब्बांचा पहिला स्मार्टफोन : स्वस्त घ्यायचा की थोडा महाग?

अम्मी-अब्बांसाठी पहिला स्मार्टफोन घेताना आपण किंमत आणि कॅमेरा बघतो. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार, हे विचारायचं राहून जातं. ही वर्षं सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नाही.

आम्ही अब्बांसाठी हिशोब मांडला. ९,००० चा फोन, अपडेट २ वर्षं, मॉडेल वर्षभर जुनं. उरलं १ वर्ष. दुसरा १८,००० चा, अपडेट ६ वर्षं, तोही वर्षभर जुना. उरली ५ वर्षं. म्हणजे वर्षाला ९,००० आणि ३,६०० असा फरक. आम्ही दुसरा घेतला.

अपडेट थांबले तरी फोन बंद पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅप चालूच राहतं, म्हणून कुणाला कळत नाही. पण अँड्रॉइडमध्ये नव्याने सापडलेल्या त्रुटी तशाच उघड्या राहतात, आणि पेन्शनचं खातं, यूपीआय त्याच फोनवर असतं. सेटिंगमध्ये Android security patch level पुढची तारीख बघा. ती वर्षभर जुनी असेल आणि नवा अपडेट येत नसेल, तर ते थांबले समजा.

नुसतं बोलणं आणि व्हिडिओ कॉल असेल, बँकेचं काही नसेल, तर स्वस्त फोन पुरे. आणि ओटीपी कुणाला सांगितला, तर महागडा फोनही वाचवणार नाही. ते अब्बांना आधीच समजावून ठेवा.