बेरीज कमी का आली? एक्सेलमधले मजकूर झालेले आकडे

या एपिसोडमध्ये मी बरेच फॉर्म्युले बोलून दाखवले आणि ज्यांनी बसमध्ये उभ्याउभ्या ऐकलं त्यांना ते लिहून घेता येणं शक्यच नव्हतं. म्हणून इथे सगळं टाइप करून देतोय. कॉपी करा आणि थेट शीटमध्ये टाका.

किस्सा माझ्या मावसभावाच्या दुकानातला आहे. भांड्यांचं दुकान, काउंटरवरही विक्री आणि ऑनलाइन ऑर्डरही. महिन्याच्या शेवटी तो बिलिंग सॉफ्टवेअरमधून काउंटरच्या बिलांची शीट काढतो, ऑर्डर पोर्टलवरून दुसरी शीट काढतो आणि दुसरी पहिलीच्या खाली पेस्ट करतो. त्या महिन्यात काउंटरची बिलं १८७ आणि ऑनलाइन ऑर्डर २५, म्हणजे एकूण २१२ ओळी. C कॉलममध्ये विकणाऱ्याचं नाव, D मध्ये रक्कम.

ऑनलाइनचं काम पाहणाऱ्या ताईची महिन्याची विक्री रिपोर्टमध्ये आली ३८,२०० रुपये. दीड लाखाच्या वर गेलं तर २,००० रुपये इन्सेंटिव्ह, असा दुकानाचा नियम. ती म्हणाली, "दादा, एवढी कमी कशी? एकट्या ऑनलाइनचंच लाखाच्या वर आहे." दादा म्हणाला, "एक्सेलने केलेली बेरीज आहे, चुकेल कशी?" आणि मग रात्री साडेदहाला मला फोन.

तर चूक बेरजेत नव्हतीच. SUM आणि SUMIF हे फंक्शन दिलेल्या रेंजमधले फक्त खरे आकडे घेतात. एखाद्या सेलमध्ये आकड्यासारखा दिसणारा मजकूर असेल, तर तो गुपचूप सोडून देतात. एरर नाही, लाल रंग नाही, काही नाही. सगळा कॉलमच मजकूर असता तर बेरीज शून्य आली असती आणि कोणाच्याही लक्षात आलं असतं. इथे २१२ पैकी १८७ ओळी ठीक होत्या, त्यामुळे एकूण बेरीज ८,१४,३५० आली. अगदी पटण्यासारखी! हा अर्धवट बिघाडच सगळ्यात वाईट.

पकडायचं कसं? मी त्याला फोनवरच दोन फॉर्म्युले टाकायला सांगितले:

```
=COUNTA(D2:D213)
=COUNT(D2:D213)
```

पहिला फॉर्म्युला रिकामे नसलेले सगळे सेल मोजतो, दुसरा फक्त आकडे. पहिल्याचं उत्तर २१२, दुसऱ्याचं १८७. फरक २५, म्हणजे ऑनलाइन ऑर्डर जेवढ्या होत्या तेवढाच. चोर सापडला. तसं नुसत्या नजरेनेही थोडं कळतं. आपण अलाइनमेंट बदललेली नसेल तर आकडे सेलमध्ये उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. पण कोणीतरी छान दिसावं म्हणून सगळा कॉलम मधोमध आणून ठेवलेला असतो (आमच्या दादानेही), मग ही खूण जाते.

सॉर्ट आणि फिल्टरही याच कारणाने गंडले होते. मोठ्यापासून लहानाकडे सॉर्ट केलं की एक्सेल मजकूर वर ठेवतं आणि आकडे त्याच्या खाली. त्यात मजकूर एकेका अक्षराने लावला जातो, म्हणून ९८० रुपयांची ऑर्डर यादीत सगळ्यात वर आणि १२,५०० ची तिच्या बरीच खाली. कारण ९ हे १ पेक्षा मोठं, बस्स. आणि दहा हजारांच्या वरची बिलं दाखव असा फिल्टर लावला, तर ती १२,५०० ची ऑर्डर आलीच नाही.

आता दुरुस्ती. पहिली गोष्ट सगळेच करतात ती म्हणजे सेलचा फॉरमॅट बदलून Number करणं. त्याने काही होत नाही. फॉरमॅट म्हणजे कपडे, आत काय आहे ते बदलत नाही. मजकूर साधा असेल, म्हणजे सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसत असेल, तर सेल निवडून Convert to Number दाबलं की काम झालं. इथे मात्र हिरवा त्रिकोणच नव्हता. याचा अर्थ आकड्याबरोबर आत आणखी काहीतरी होतं. D190 मध्ये दिसत होतं 12,500.00, म्हणजे मोजून ९ अक्षरं. मी हे दोन चालवायला लावले:

```
=LEN(D190)
=UNICODE(RIGHT(D190,1))
```

लांबी आली १०, आणि शेवटच्या अक्षराचा कोड १६०. साध्या स्पेसचा कोड ३२ असतो. १६० म्हणजे नॉन-ब्रेकिंग स्पेस, वेबपेजवर ओळ मध्येच तुटू नये म्हणून वापरतात ती. बऱ्याच पोर्टलची .xls फाइल आतून वेबपेजचा तक्ताच असते. उघडताना एक्सेल फाइलचा प्रकार आणि नाव जुळत नाही अशी वॉर्निंग देतं आणि आपण Yes दाबून मोकळे होतो! ती स्पेस तिथूनच आली. TRIM तिला हात लावत नाही, ते फक्त साध्या स्पेस काढतं. म्हणून शेजारच्या रिकाम्या E कॉलममध्ये हा फॉर्म्युला:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(TRIM(D2),UNICHAR(160),""),",",""))
```

आतून बाहेर वाचा. आधी साध्या स्पेस जातात, मग १६० वाली, मग स्वल्पविराम, आणि उरलेल्याचा VALUE आकडा करतं. लाखाचे स्वल्पविराम मी मुद्दाम काढतो, कारण कुठल्या कॉम्प्युटरवर कुठली रीजन सेटिंग असेल ते सांगता येत नाही. आधीच ठीक असलेल्या ओळींना याने धक्का लागत नाही. गूगल शीट्समध्येही हाच फॉर्म्युला चालतो, फोनवरसुद्धा.

E213 पर्यंत तो खाली ओढा. कुठे #VALUE! आलं तर तो सेल उघडून बघा, एखाद्या रकमेपुढे Cr किंवा ₹ चिकटलेलं असेल. इथे IFERROR लावून शून्य टाकायचा मोह होतो, मी तो टाळतो. नाहीतर रक्कम पुन्हा गुपचूप गायब, म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच. E कॉलमचा COUNT २१२ आला की E कॉपी करा, D वर Paste Special मधून Values पेस्ट करा आणि E काढून टाका. मूळ फाइल मात्र वेगळी ठेवा.

एक धोका सांगतो. या उत्साहात ऑर्डर नंबर, मोबाइल नंबर, बिल नंबर यांचे आकडे करू नका. एक्सेल एका आकड्यातले १५ अंकच नीट जपतं, त्यापुढच्या अंकांचे शून्य होतात आणि ते परत मिळत नाहीत. 00127 या बिल नंबरचं 127 होतं. ज्याची बेरीज करायची नाही तो मजकूरच बरा. CSV फाइल असेल तर डबल-क्लिकने उघडू नका. Data मधल्या From Text/CSV ने घ्या, Transform Data दाबा आणि त्या कॉलमचा प्रकार Text करा.

त्याच्या रिपोर्टमध्ये वर एका सेलमध्ये आता हे कायमचं टाकलंय. ओळी वाढल्या की रेंज वाढवायची, आणि उत्तर शून्य असल्याशिवाय रिपोर्ट पुढे पाठवायचा नाही:

```
=COUNTA(D2:D213)-COUNT(D2:D213)
```

दुरुस्तीनंतर एकूण बेरीज झाली ९,६१,७५०. वाढलेले १,४७,४०० पोर्टलवरच्या महिन्याच्या टोटलशी जुळवून पाहिले, पैशापर्यंत जुळले. ताईची विक्री निघाली १,८५,६००, आणि दोन हजार तिला दुसऱ्या दिवशी मिळाले. त्याआधीच्या दोन महिन्यांच्या शीट्सही तिने उघडायला लावल्या आहेत, आणि तिथे COUNT पुन्हा कमीच येतोय.