मधल्या कॉलमवरचं ओझं

दोन गाळ्यांवरून एकसंध ओतलेला बीम असला, की मधल्या कॉलमवर किती वजन येतं? सोपा हिशोब असा: दोन्ही बाजूंच्या गाळ्यांचं अर्धं अर्धं. हा हिशोब चुकतो, आणि तोही थोडाथोडका नाही.

एक साधा बीम घेऊ. अ ते ब हा गाळा 4 मीटरचा, ब ते क 6 मीटरचा. अ टोक काँक्रीटच्या जाड भिंतीत घट्ट ओतलेलं, म्हणून ते वळत नाही. ब आणि क इथे बीम नुसता टेकलेला आहे. स्लॅब, भिंत आणि बीमचं स्वतःचं वजन धरून मीटरमागे 18 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 1.8 टन, असा सारखा पसरलेला भार आहे. एकूण 180 किलोन्यूटन.

बीमच्या एका तुकड्याला हालचाली चार: दोन्ही टोकं वरखाली होऊ शकतात आणि दोन्ही वळू शकतात. कोणत्या हालचालीला किती जोर लागतो, याचा चार ओळी-चार रकान्यांचा तक्ता म्हणजे त्या तुकड्याची स्टिफनेस मॅट्रिक्स. आपले आधार खाली जात नाहीत आणि अ वळत नाही, म्हणून त्या हालचालींच्या ओळी आणि रकाने खोडायचे. उरतात दोनच अज्ञात, ब आणि क इथलं वळण: θब, θक.

टोक एक एककाने वळवायला त्याच टोकाला `4EI/L` इतका मोमेंट लागतो आणि दुसरं टोक जागेवर धरून ठेवायला `2EI/L`. EI म्हणजे बीमचा ताठपणा. तो दोन्ही गाळ्यांत सारखा धरू. ब इथे दोन्ही तुकडे मिळतात, म्हणून तिथे त्यांचा ताठपणा बेरजेने येतो: 4EI/4 अधिक 4EI/6.

आता अडचण अशी, की मॅट्रिक्सला फक्त टोकांवरचे जोर कळतात. आपला भार तर सबंध लांबीभर पसरलेला. त्यावरची युक्ती मला या पद्धतीतला सर्वांत देखणा भाग वाटतो. आधी सगळी टोकं काल्पनिक शिकंज्यात घट्ट धरायची. मग प्रत्येक शिकंज्याला `wL²/12` इतका मोमेंट पेलावा लागतो. लहान गाळ्यात 24, मोठ्यात 54 किलोन्यूटन-मीटर. घड्याळाच्या उलट दिशा धन मानली तर डाव्या टोकाला अधिक, उजव्याला उणे. ब इथला शिकंजा मिळून −24 + 54 = 30 पेलतो, क इथला −54. पण खऱ्या बीमला तिथे शिकंजे नाहीत. ते सोडायचे, म्हणजे तेवढाच मोमेंट उलट चिन्हाने लावायचा. समीकरणांना 3 ने गुणून, वळण 1/EI च्या मापात लिहिलं, तर:

```
5θब +  θक = −90
 θब + 2θक = 162
```

उत्तर θब = −38, θक = 100. मोठा गाळा जास्त झोकतो आणि ब वरचा बीम आपल्याकडे वळवतो, हे त्या उणे चिन्हात दिसतं. वळण डोळ्यांना जाणवणार नाही: 230 बाय 450 मिलिमीटरचा, एम-25 काँक्रीटचा, तडे न गेलेला बीम धरला तर क इथे अंशाचा जेमतेम आठवा भाग.

शेवटी वळणांमुळे आलेले मोमेंट शिकंज्याच्या मोमेंटमध्ये मिळवायचे. ब च्या डावीकडे −24 − 38 = −62. उजवीकडे 54 − 25.33 + 33.33 = 62. क इथे शून्य. ब वर दोन्ही बाजू एकमेकींना तोलतात, आणि नुसत्या टेकलेल्या क वर मोमेंट असूच शकत नाही. विद्यार्थी हमखास विसरतात ती ही शेवटची बेरीज. ती विसरली तर ब इथे −38 आणि 8 येतात, क इथे शून्याऐवजी 54. चूक स्वतःच ओरडून सांगते.

या मोमेंटवरून ब वरचं ओझं निघतं 114.6 किलोन्यूटन. अर्ध्या अर्ध्या हिशोबाने ते 90 आलं असतं. म्हणजे कॉलमवर सव्वापट भार. शिवाय ते 62 बीमच्या वरच्या अंगाला ताणतात. म्हणून मधल्या आधारावर सळ्या वरून लागतात. तिथे हात आखडला तर तडा वरच जातो, फरशीखाली झाकलेला.

एक चूक मात्र या पडताळणीत सापडत नाही. लहान गाळ्यातल्या बीमची खोली 450 ऐवजी 570 मिलिमीटर असेल, तर त्याचा ताठपणा सुमारे दुप्पट होतो आणि ब वरचा मोमेंट 62 वरून जवळपास 70 वर जातो. तरीही ब वर दोन्ही बाजू तोललेल्या, क वर शून्य, एकूण भार 180. दोन्ही उत्तरं कागदावर तितकीच निर्दोष दिसतात. साइटवर कोणता बीम ओतला आहे, ते टेप लावूनच कळतं.